कंपनीच्या दाव्यावर सही कुणाची? ठराव, वकीलपत्र आणि सत्यापन: नाशिकमधला अनुभव

अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मी अकाउंट्स पाहते. आम्ही शीट मेटलचे भाग बनवतो. चाकणच्या एका खरेदीदाराकडे २०२३ पासूनची ८ लाख ४० हजारांची बिलं अडकली होती. फोन झाले, ईमेल झाले, शेवटी वकिलांची नोटीसही गेली, पण पैसे काही आले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये साहेबांनी दावा लावायचं ठरवलं आणि मला म्हणाले, "ताई, वकिलांकडे तुम्हीच जात जा. सह्याबिह्या लागतील त्या करून टाका."

दावा कसा जिंकायचा यावर हा लेख नाही. कंपनीच्या वतीने दाव्यावर सही कुणी करायची, एवढ्या एकाच प्रश्नामागे आमचे काही आठवडे गेले, त्याबद्दल लिहिते आहे. कारखान्यांमध्ये असं काम बहुधा अकाउंट्स किंवा एचआरच्या माणसाकडे येतं आणि त्याला नेमकं काय विचारायचं तेच ठाऊक नसतं.

शरणपूर रोडला वकील मॅडमचं ऑफिस आहे. बिलं, चलनं, खातेउतारा, ईमेल अशी सगळी फाईल घेऊन गेले. बिलं त्यांनी बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न केला, "सही कोण करणार?" मी म्हटलं, मीच. त्यावर दुसरा प्रश्न आला, "कुठल्या अधिकाराने?" माझ्याकडे नेमणुकीचं पत्र होतं, साहेबांचा तोंडी आदेश होता आणि बँकेच्या कागदांवर चालणारा कंपनीचा शिक्का होता. दाव्यासाठी यातलं काहीच पुरेसं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २९, नियम १ त्यांनी वाचायला दिला. कंपनीच्या दाव्यात किंवा कंपनीविरुद्धच्या दाव्यात वादपत्रावर आणि कैफियतीवर, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरावर, सही आणि सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं लेखी सांगणं, करता येतं ते कंपनीच्या सेक्रेटरीला, कोणत्याही संचालकाला किंवा इतर प्रमुख अधिकाऱ्याला. मात्र त्या माणसाला प्रकरणातल्या वस्तुस्थितीबद्दल साक्ष देता आली पाहिजे. नियम एवढाच आहे, पण त्यात दोन अटी आहेत. माणूस त्या पदावरचा हवा आणि त्याला प्रकरण माहीत हवं.

आमच्याकडे कंपनी सेक्रेटरी नोकरीला नाही. ज्या प्रायव्हेट कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिला पूर्णवेळ सेक्रेटरी ठेवावा लागतो, आम्ही त्याच्या आसपासही नाही. आमचे सीएस सर बाहेरून काम पाहतात. म्हणजे नियमातला 'सेक्रेटरी' आमच्याकडे नाही. संचालक आहेत. 'प्रमुख अधिकारी' म्हणजे कोण, यावर मात्र वाद होऊ शकतो. अकाउंट्स मॅनेजर प्रमुख अधिकारी आहे, असं आम्ही म्हणू. समोरचा म्हणेल, ही तर पगारी कर्मचारी. म्हणून संचालक नसलेला माणूस सही करणार असेल तर त्याच्या मागे संचालक मंडळाचा ठराव किंवा मुखत्यारपत्र असावं, नुसत्या पदनामावर विसंबू नये, असं मॅडमचं मत पडलं.

मग साहेबांनीच सही केली तर? ते संचालक आहेत, नियमात सरळ बसतात. मलाही ते सोपं वाटलं. पण मॅडमनी फाईल उघडून एकेक कागद पुढे केला. हे चलन कुणी पाहिलं? हा जीएसटी भरल्याचा तपशील कुणाकडे आहे? खात्यात ही ६० हजारांची जमा कोणत्या बिलापोटी धरली? प्रत्येक उत्तर माझ्याकडे होतं. "उलटतपासाला साहेब उभे राहिले आणि दर दुसऱ्या प्रश्नाला 'ते अकाउंट्सवाल्यांना माहीत' म्हणाले, तर सहीचा उपयोग काय?" असं त्या म्हणाल्या. ज्याला साक्षीला उभं राहायचं आहे त्यानेच शक्यतो सही करावी, ही त्यांची पद्धत आहे आणि मला ती पटली. म्हणून सही माझी आणि अधिकार ठरावाने, असं ठरलं.

त्याच बैठकीत आमच्या जुन्या दाव्याचा विषय निघाला. २०१९ मध्ये कंपनीने एका दुसऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध वसुलीचा दावा केला होता, तेव्हा वकीलही दुसरे होते. त्यावर सही तेव्हाच्या मार्केटिंग मॅनेजरची होती आणि ठराव जोडलेला नव्हता. समोरच्याने कैफियतीत पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की दाव्यावर सही करणाऱ्याला कंपनीने अधिकार दिलेला नाही, सबब दावा फेटाळावा. न्यायालयाने त्यावर स्वतंत्र मुद्दा काढला, म्हणजे निकाल द्यायचा वेगळा प्रश्न ठरवला. तोवर तो मॅनेजर नोकरी सोडून गेला होता. शेवटी संचालक मंडळाने नवा ठराव करून त्याच्या सहीला आणि दावा दाखल करण्याला मागाहून मान्यता दिली, एका संचालकाने त्यावर साक्ष दिली आणि तो मुद्दा आमच्या बाजूने लागला. पण मूळ पैशांचा विषय तेवढा काळ तसाच पडून राहिला.

ती दुरुस्ती ज्या निकालाच्या आधाराने झाली तो माहीत असावा. युनायटेड बँक ऑफ इंडिया विरुद्ध नरेश कुमार, सर्वोच्च न्यायालय, १९९६. त्यात न्यायालयाने तीन गोष्टी मांडल्या. आदेश २९ मध्ये सांगितलेला अधिकारी पदाच्या जोरावर सही करू शकतो. त्याशिवाय कंपनी ठरावाने किंवा मुखत्यारपत्राने कुणालाही अधिकार देऊ शकते. आणि आधी अधिकार दिलेला नसला तरी कंपनी ती सही नंतर मान्य करू शकते. ही मान्यता शब्दांत दिलेली असेल किंवा कंपनीच्या वागण्यावरून दिसत असेल. सहीतल्या अशा प्रक्रियात्मक त्रुटीपायी खरा हक्क बुडू नये, हा त्यामागचा विचार. त्या प्रकरणात बँकेने दावा बरीच वर्षं चालवला होता, तेव्हा सही तिला मान्य होती हे उघड आहे, असं न्यायालयाने धरलं.

हे ऐकून मला वाटलं, मग एवढी घाई कशाला, नंतरही दुरुस्त करता येतं. मॅडम म्हणाल्या, "दुरुस्त होतं हे खरं, पण ते वाद घालून, पुरावा देऊन. आणि सही करणं वेगळं, दावा लावायचा निर्णय घेणं वेगळं."

हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. आदेश २९ सांगतो तो फक्त कागदावर सही आणि सत्यापन कोण करू शकतं एवढंच. कंपनीने कोर्टात जायचं की नाही, हा निर्णय कंपनीचा आणि तो संचालक मंडळ घेतं. एकट्या संचालकाला, केवळ संचालक आहे म्हणून, कंपनीच्या नावाने दावा लावायचा अधिकार आपोआप मिळत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने निब्रो लिमिटेडच्या प्रकरणात म्हटलं आहे. नाशिकच्या न्यायालयावर तो निकाल बंधनकारक नाही, पण समोरचे वकील तो पुढे करतातच. म्हणजे साहेबांनी सही केली असती तरी ठराव हवाच होता. ठरावात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आणि स्पष्ट लिहायच्या: कंपनी दावा करण्याचा निर्णय घेत आहे आणि त्यासाठी अमुक व्यक्तीला सहीचा अधिकार देत आहे.

ठराव करायचा तर आधी संचालक कोण कोण आहेत ते पक्कं हवं. मला वाटलं होतं तीन: साहेब, मॅडम (साहेबांच्या पत्नी) आणि पुण्याला असणारे त्यांचे चिरंजीव. सीएस सरांनी कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर आमचा मास्टर डेटा काढला, तर तिथे चौथं नावही निघालं. साहेबांच्या भावजय. त्यांनी आदल्या वर्षी राजीनामा दिला होता, पण तो कळवायचा डीआयआर-१२ फॉर्म भरलाच गेला नव्हता. कायद्याने राजीनामा कंपनीला मिळाल्या तारखेपासून किंवा त्यात लिहिलेल्या तारखेपासून, यातली जी नंतरची असेल तेव्हापासून लागू होतो, त्यामुळे त्या संचालक उरल्या नव्हत्या हे नक्की. पण समोरच्या बाजूचा वकील हेच पोर्टल उघडणार आणि विचारणार की चौथ्या संचालकाला सभेची नोटीस का नाही दिली. सरांनी विलंब शुल्क भरून फॉर्म टाकला आणि नोंद बदलल्यावरच सभेची नोटीस काढली. यात आठवडाभर गेला. माझं सांगणं आहे की ठरावाला हात घालण्याआधी पोर्टलवरची संचालकांची यादी काढून ती रजिस्टरशी ताडून पाहा. आम्हाला आणखी एक गोष्ट पाहावी लागली, ती म्हणजे कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स. काही कंपन्यांच्या नियमावलीत दावे लावायचा अधिकार मॅनेजिंग डायरेक्टरला आधीच दिलेला असतो. आमच्यात तसं काही नव्हतं.

सभा घ्यायची की ठराव फिरवून मंजूर करायचा, यावर थोडी चर्चा झाली. कंपनी कायद्याच्या कलम १७५ प्रमाणे ठरावाचा मसुदा सगळ्या संचालकांना कागदपत्रांसह पाठवून बहुमताने मंजूर करून घेता येतो, पुढच्या सभेत त्याची नोंद घ्यायची. ते जलद होतं. पण आम्हाला मुदतीची घाई नव्हती, म्हणून सीएस सरांनी सभाच घेऊ म्हटलं. सात दिवस आधी प्रत्येक संचालकाला लेखी नोटीस, ईमेलने चालते. गणपूर्ती एकतृतीयांश किंवा दोन संचालक, यात जे जास्त असेल ते; आमच्या तिघांमध्ये दोघे पुरेसे. तरी चिरंजीव व्हिडिओवर हजर राहिले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सभा झाली.

ठरावाचा पहिला मसुदा सरांच्या जुन्या नमुन्यातला होता: 'कंपनीच्या सर्व कायदेशीर बाबी पाहण्यासाठी अमुक यांना अधिकृत करण्यात येत आहे.' वकील मॅडमनी तो परत पाठवला. 'बाबी पाहणे' म्हणजे काय? त्यात सही येते का, सत्यापन येतं का, साक्ष येते का? शेवटी जो मंजूर झाला त्याचा गाभा असा होता:

'ठराव करण्यात येतो की, कंपनीने सदर खरेदीदाराविरुद्ध थकीत रक्कम व व्याज यांच्या वसुलीसाठी सक्षम न्यायालयात दावा दाखल करावा. पुढे ठराव करण्यात येतो की, सौ. … , अकाउंट्स मॅनेजर, आणि त्या उपलब्ध नसल्यास श्री. … , संचालक, यांना कंपनीच्या वतीने दावापूर्व मध्यस्थीचा अर्ज करणे व तिथे हजर राहणे, वकील नेमणे व वकीलपत्रावर सही करणे, वादपत्र, अर्ज, प्रतिज्ञापत्रे व सत्यकथन यांवर सही व सत्यापन करणे, कागदपत्रे दाखल करणे व परत घेणे आणि साक्ष देणे यांचा अधिकार देण्यात येत आहे. तडजोड करण्यापूर्वी मॅनेजिंग डायरेक्टर यांची लेखी संमती घेण्यात यावी.'

यातल्या तीन गोष्टी मॅडमनी आग्रहाने घालायला लावल्या. एक, नाव आणि पद दोन्ही. नुसतं पद लिहिलं तर उद्या त्या पदावर कुणी नसेल; नुसतं नाव लिहिलं तर त्या व्यक्तीचा कंपनीशी संबंध काय ते कळत नाही. दोन, पर्यायी माणूस. २०१९ च्या दाव्यात मॅनेजर सोडून गेल्याने झालेली पंचाईत सगळ्यांच्या लक्षात होती. तीन, वकीलपत्राचा स्वतंत्र उल्लेख. आदेश २९ वादपत्र आणि कैफियतीबद्दल बोलतो, त्यात वकीलपत्राचं नाव नाही. वकील नेमायचा तो आदेश ३, नियम ४ खाली आणि त्या कागदावर पक्षकाराची, त्याच्या मान्यताप्राप्त प्रतिनिधीची किंवा मुखत्यारपत्राने अधिकार मिळालेल्या व्यक्तीची सही लागते. कंपनी स्वतः हाताने सही करू शकत नाही, तेव्हा तिच्या वतीने कोण करतो ते ठरावात लिहिलेलं असलं की प्रश्नच राहत नाही.

तडजोडीची अट मात्र साहेबांची होती. मध्यस्थीत बसल्यावर समोरचा 'सहा लाखांत मिटवू' म्हणाला तर मी तिथल्या तिथे हो म्हणू नये, एवढंच. मला स्वतःला ती अट दिलासा देणारी वाटली. एवढ्या रकमेचा निर्णय माझ्या एकटीच्या सहीवर नको होता.

इतिवृत्त मिनिट बुकात सभेनंतर तीस दिवसांत नोंदवावं लागतं. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर अध्यक्षांची छोटी सही आणि शेवटच्या पानावर तारखेसह पूर्ण सही. मग लेटरहेडवर ठरावाची प्रमाणित प्रत काढली. त्यावर 'खरी नक्कल' म्हणून सही साहेबांनी केली. ज्याला अधिकार दिला त्यानेच प्रत प्रमाणित करू नये. मी माझ्याच अधिकाराची नक्कल खरी असल्याचं लिहिलं असतं तर कोर्टात ते विचित्र दिसलं असतं. सीएस सरांनी मसुदा, नोटीस आणि मिनिटांचे मिळून अडीच हजार घेतले, विलंब शुल्क वेगळं.

मार्चमध्ये जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज दिला. आमची रक्कम ३ लाखांच्या वर आणि व्यवहार धंद्याचा, त्यामुळे हा व्यापारी दावा. तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर व्यापारी न्यायालये कायद्याच्या कलम १२अ खाली आधी मध्यस्थी करावीच लागते. अर्जासोबत एक हजार रुपये फी. अर्जदार म्हणून कंपनीचं नाव, प्रतिनिधी म्हणून माझं, आणि सोबत ठरावाची प्रत. ती आधीच तयार असल्याने इथे अडलं नाही. समोरच्याला नोटीस गेली, पुन्हा गेली, कुणी आलं नाही. त्यानंतर मध्यस्थी सुरूच होऊ शकली नाही असा अहवाल मिळाला. तो वादपत्राला जोडायचा असतो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, तेव्हा त्याची धास्ती घेऊ नका, पण अहवाल आणि अर्जाची तारीख दोन्ही जपून ठेवा.

मे महिन्यात वादपत्राचा मसुदा आला, त्यासोबत वकीलपत्र. इथून पुढचं काम मला सर्वांत जास्त शिकवून गेलं.

वकीलपत्राचा छापील नमुना मला आधीही दोनदा मिळाला होता. पूर्वी आमच्याकडे रीत होती की कोऱ्या नमुन्यावर सही करून द्यायची, बाकी वकिलांचा कारकून भरेल. मॅडमच्या ऑफिसात तसं चालत नाही. त्यांनी उदय शंकर त्रियार प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला दिला. त्यात न्यायालयाने वकीलपत्रांत नेहमी दिसणाऱ्या चुकाच मोजून दाखवल्या आहेत: सही करणाऱ्याचं नाव न लिहिणं, कंपनीच्या वतीने सही असेल तर नाव, पद आणि अधिकार न दाखवणं व अधिकाराची प्रत न जोडणं, वकिलाने स्वीकारल्याची सही नसणं, वकिलाचा पत्ता नसणं. अशी चूक झाली तरी ती दुरुस्त करण्याची संधी मिळावी, असंही त्याच निकालात आहे.

आमच्या वकीलपत्रावर 'मी, सौ. अमुक' असं सुरू होणारं वाक्य खोडून 'अमुक प्रायव्हेट लिमिटेड, तर्फे अधिकृत प्रतिनिधी सौ. अमुक, अकाउंट्स मॅनेजर' असं टाईप केलं. कारण वकील नेमते कंपनी, मी नव्हे. सहीखाली माझं नाव सुवाच्य अक्षरात, पद, कंपनीचा शिक्का, तारीख. मागच्या बाजूला मॅडमची स्वीकारल्याची सही आणि ऑफिसचा पत्ता. सोबत ठरावाची प्रमाणित प्रत. वादपत्राच्या शीर्षकातही तसंच: वादी कंपनी, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यासह, आणि 'तर्फे' म्हणून माझं नाव. शीर्षकात प्रतिनिधीचंच नाव वादी म्हणून पडलेलं मी एका ओळखीच्या कारखान्याच्या कागदावर पाहिलं आहे. तिथे पैसे कंपनीचे आणि दावा माणसाचा, असं होऊन बसतं.

मग सत्यापन. मला वाटायचं ते शेवटचं ठरावीक वाक्य: 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' तेवढं पुरत नाही. आदेश ६, नियम १५ प्रमाणे परिच्छेदांचे क्रमांक देऊन सांगावं लागतं की कोणते स्वतःच्या माहितीतून खरे आहेत आणि कोणते मिळालेल्या माहितीवरून खरे वाटतात. सोबत तारीख आणि ठिकाण. व्यापारी दाव्यात याहून पुढे नियम १५अ लागतो. ठरावीक नमुन्यात सत्यकथनाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि त्यात तिसरा गट असतो, कायदेशीर सल्ल्यावर आधारित परिच्छेद.

मी आणि मॅडम वादपत्र घेऊन बसलो आणि एकेका परिच्छेदाला विचारत गेलो: हे मला कसं माहीत? बिलं मी काढली, खातं मी ठेवलं, थकबाकीचे ईमेल मी पाठवले. हे माझ्या माहितीतले. माल कारखान्यातून निघाला आणि चाकणला उतरवला गेला, हे मला डिस्पॅचच्या माणसाकडून आणि सही होऊन परत आलेल्या चलनांवरून कळलं. हे मिळालेल्या माहितीतले. सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं की खरेदीदाराच्या भागीदाराने साहेबांना फोनवर 'मार्चअखेर देतो' असं सांगितलं. तो फोन मी ऐकलेला नाही. पहिल्या मसुद्यात तो परिच्छेद माझ्या माहितीतल्या गटात गेला होता, तो मी काढायला सांगितला. उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच आला असता आणि शपथेवर खोटं लिहिल्याचा ठपका आला असता. आता तो मिळालेल्या माहितीच्या गटात आहे आणि गरज पडली तर त्या एका मुद्द्यावर साहेब साक्ष देतील. अधिकारक्षेत्र, मुदत, कोर्ट फी हे परिच्छेद कायदेशीर सल्ल्याच्या गटात.

सत्यकथनाच्या नमुन्यात आणखी एक वाक्य आहे: हे वादपत्र एकूण इतक्या पानांचं असून प्रत्येक पानावर मी सही केली आहे. आकडा रिकामा असतो. आमचा आकडा एकदा लिहून झाला आणि नंतर मॅडमनी व्याजाचा एक परिच्छेद वाढवला, त्यामुळे एक पान वाढलं. कारकुनाने सह्या करण्याआधी पानं मोजली म्हणून ते पकडलं गेलं. सत्यकथन पुन्हा छापलं, मग सगळ्या पानांवर सह्या केल्या. सह्या करायला बसण्याआधी पानं स्वतः मोजा आणि मधल्या पानावर काहीही बदल झाला तर सत्यकथन पुन्हा वाचा. सत्यकथन नसेल तर ते वादपत्र पुरावा म्हणून वापरता येत नाही आणि न्यायालय ते काढून टाकू शकतं, इतकं ते महत्त्वाचं आहे. नोटरी, झेरॉक्स आणि बांधणी मिळून हजाराच्या आत झालं. कोर्ट फी हा वेगळा खर्च, ती रकमेवर ठरते आणि तिचा हिशेब वकिलांकडूनच करून घ्यावा.

त्या दिवशी मला भीती वाटली, हे मान्य करते. प्रत्येक पानावर माझी सही आणि शेवटी 'यात खोटं असेल तर कारवाईस पात्र' अशा अर्थाचं वाक्य. पैसे कंपनीचे, नाव माझं. मॅडमना तसं म्हटलं, तर त्यांनी सत्यापनातले तीन गट पुन्हा दाखवले. मला जेवढं माहीत आहे तेवढ्याचीच जबाबदारी माझी, बाकी कुठून कळलं ते लिहिलेलं आहे. गटांची विभागणी प्रामाणिक असेल तर सही करणाऱ्याचं संरक्षण त्याच कागदात असतं.

जूनमध्ये सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. छाननीत ठरावाची प्रत, मध्यस्थीचा अहवाल आणि सत्यकथन पाहिलं गेलं. दाव्याला नंबर पडला, समन्स निघालं.

ऑगस्टअखेरीस कैफियत आली. तिसऱ्या परिच्छेदात अपेक्षित वाक्य होतंच: वादीतर्फे सही करणाऱ्या व्यक्तीला अधिकार असल्याचं प्रतिवादी नाकारतो. यावेळी आमच्याकडे उत्तर तयार आहे. पुराव्याच्या वेळी मिनिट बुक मूळ स्वरूपात कोर्टात न्यायचं आहे, कारण प्रमाणित प्रत जोडलेली असली तरी समोरचा मूळ पाहायला मागू शकतो. कंपनी कायद्याप्रमाणे नीट ठेवलेलं इतिवृत्त सभेत झालेल्या कामकाजाचा पुरावा मानलं जातं. म्हणून ते बुक आता सीएस सरांच्या ऑफिसात नाही, आमच्या तिजोरीत आहे. सोबत सभेची नोटीस आणि ती ईमेलने गेल्याचा प्रिंटआउटही ठेवला आहे.

कुणी भागीदारी फर्म किंवा स्वतःच्या मालकीचा धंदा चालवत असेल, तर हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. फर्मसाठी आदेश ३० वेगळा आहे आणि तिथे भागीदारांच्या सहीचे नियम निराळे आहेत. एलएलपी असेल तर वकिलांना सुरुवातीलाच तसं सांगा. आमच्या मॅडमनी पहिल्या भेटीतच कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र मागितलं होतं, ते याच कारणाने.

आमच्या दाव्यात आता मुद्दे काढण्याची तारीख आहे.